बारीक अक्षर, अंधूक अक्षर : कोड लिहिणाऱ्यांचा स्क्रीनशी झगडा

नवा लॅपटॉप घेताना दुकानदार स्क्रीनवर एखादा निसर्गाचा व्हिडिओ लावून दाखवतो. चित्र इतके स्वच्छ दिसते की गिऱ्हाईक तिथेच निम्मे पटते. मग तो लॅपटॉप घरी येतो, इंजिनिअरिंगला असलेली मुलगी त्यावर आपला कोड एडिटर उघडते आणि तक्रारी सुरू होतात. एका सॉफ्टवेअरमध्ये अक्षरे मुंगीएवढी दिसतात. दुसऱ्यात ती पुरेशी मोठी असतात, पण कडा पुसट, जणू कुणी ओले बोट फिरवलेले. तिसऱ्यात कोड छान वाचता येतो, पण मेनू आणि फायलींची यादी वाचायला नाक स्क्रीनला लावावे लागते. दहा हजार रुपये कमी किमतीचा जुना लॅपटॉप मात्र या तिन्ही बाबतींत निमूट चालत होता.

स्क्रीनमध्ये दोष नसतो आणि बहुतेक वेळा डोळ्यांतही नसतो. अक्षर बारीक दिसणे आणि अक्षर अंधूक दिसणे हे दोन निरनिराळे बिघाड आहेत. त्यांची कारणे तर एकमेकांच्या उलट आहेत. दोन्हींवर एकच उपाय करायला गेले, म्हणजे दिसेल तिथे `Ctrl` आणि `+` दाबत सुटले, की एक तक्रार मिटते आणि दुसरी उभी राहते.

ठिपका लहान झाला, हिशेब जुनाच राहिला

स्क्रीनवरचे प्रत्येक अक्षर ठिपक्यांनी, म्हणजे पिक्सेलनी बनते. एका इंचात असे किती पिक्सेल बसतात, ती त्या स्क्रीनची घनता. १९८४ साली आलेल्या पहिल्या मॅकिंटॉशच्या स्क्रीनवर इंचाला ७२ पिक्सेल होते. छपाईच्या जगात इंचाचे ७२ पॉइंट धरतात, त्यामुळे तिथे एक पॉइंट म्हणजे एक पिक्सेल असा सोपा हिशेब होता. विंडोजने ९६ हा आकडा धरला. दोन्हीकडच्या प्रोग्रॅमरांनी पुढची वीसेक वर्षे हे आकडे निसर्गनियमासारखे मानले. बटण २४ पिक्सेल उंच, अक्षर १४ पिक्सेलचे, असे थेट लिहून टाकायचे. कुठल्याही स्क्रीनवर ते साधारण तेवढेच दिसे, कारण सगळ्या स्क्रीनची घनता ९०-१०० च्या आसपासच असे. कॉलेजच्या लॅबमधला २४ इंची फुल एचडी मॉनिटर आजही इंचाला ९२ पिक्सेलच दाखवतो.

२०१२ साली अ‍ॅपलने इंचाला २२० पिक्सेल असलेला मॅकबुक प्रो आणला आणि नंतर विंडोज लॅपटॉपही त्या वाटेने गेले. आज १४ इंची स्क्रीनवर २८८० बाय १८०० पिक्सेल असणारे लॅपटॉप मध्यम किमतीतही मिळतात. त्यांची घनता २४३ च्या घरात जाते. म्हणजे पिक्सेल जुन्या मानाने जवळजवळ अडीच पट बारीक झाला.

आता याच लॅपटॉपवर १४ पिक्सेलचे अक्षर जसेच्या तसे काढले तर काय होईल? लॅबच्या मॉनिटरवर त्या अक्षराची चौकट सुमारे ३.९ मिलिमीटर उंच होती. इथे ती १.५ मिलिमीटरच्या आत येते. त्यातले `a`, `e` यांसारखे बुटके अक्षर जेमतेम पाऊण मिलिमीटर भरते. औषधाच्या पट्टीवरचा मजकूर याहून मोठा असतो.

म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम एक गुणक वापरते. विंडोजमध्ये तो `Settings`, मग `System`, मग `Display` या पानावर `Scale` नावाने दिसतो : १०० टक्के, १२५, १५०, २०० वगैरे. या लॅपटॉपवर २०० टक्के ठेवले, की विंडोज सगळ्या प्रोग्रॅमना सांगते : इथे स्क्रीन १४४० बाय ९०० एवढीच आहे असे समजून मांडणी करा, पण प्रत्येक रेघ दुप्पट पिक्सेल वापरून काढा. १४ चे अक्षर मग २८ पिक्सेलनी बनते. त्याची चौकट २.९ मिलिमीटर होते. लॅपटॉप आपण मॉनिटरपेक्षा जवळ घेऊन बसतो, त्यामुळे डोळ्याला ते लॅबमधल्या अक्षराइतकेच वाटते. आकार तोच राहून त्याच्या पोटात चौपट ठिपके आलेले असतात, आणि घन स्क्रीनसाठी मोजलेले जास्तीचे पैसे तिथे वसूल होतात. कडा गुळगुळीत होतात. `0` आणि `O`, `1` आणि `l` यांतला फरक स्पष्ट दिसतो.

अट एकच. प्रोग्रॅमला विंडोजचे हे सांगणे समजले पाहिजे.

न ऐकणारे प्रोग्रॅम

घनतेचा गुणक ओळखून स्वतःला दुप्पट बारकाईने रेखाटणारा प्रोग्रॅम निराळा आणि इंचाला ९६ पिक्सेल याच समजुतीत जगणारा जुना प्रोग्रॅम निराळा. या दुसऱ्या जातीशी विंडोज कसे वागते, यावर सगळे अवलंबून आहे.

प्रोग्रॅमने ‘मला घनतेचे काही कळत नाही’ अशी भूमिका घेतली असेल तर विंडोज त्याला खोटेच सांगते की स्क्रीन साधी आहे. प्रोग्रॅम बिचारा जुन्या पद्धतीने लहान चित्र काढून देतो आणि विंडोज ते तयार चित्र ताणून मोठे करते. पासपोर्ट फोटो वाढदिवसाच्या फ्लेक्सएवढा केला की चेहरा जसा विरघळतो, तसे इथे अक्षरांचे होते. आकार बरोबर येतो, पण तपशील मुळातच नसतो. गुणक १५० टक्के असेल तर आणखी पंचाईत. दोन पिक्सेलची रेघ तीनवर नेता येते, एका पिक्सेलची दीडवर कशी नेणार? मग अर्धा काळा, अर्धा पांढरा असा राखाडी पिक्सेल भरावा लागतो, आणि कोडमधल्या उभ्या बारीक दांड्या, म्हणजे `l`, `i`, `|`, सगळ्यांत आधी मळकट होतात.

याउलट एखादा प्रोग्रॅम ‘मला घनता कळते’ असे जाहीर करतो, पण प्रत्यक्षात त्याचे काम अर्धवट असते. विंडोज त्याच्यावर विश्वास ठेवून त्याला हात लावत नाही. परिणामी अक्षरे स्वच्छ, पण बारीक. किंवा अक्षरे मोठी आणि टूलबारवरची चित्रे मात्र तांदळाच्या दाण्याएवढी. जुन्या एक्लिप्सची ही तक्रार वर्षानुवर्षे चालली. तिची नीट दखल २०१६ च्या नीऑन आवृत्तीपासून घेतली गेली.

थोडक्यात, अंधूक अक्षर म्हणजे चित्र काढून झाल्यावर कुणीतरी ते ताणले आहे. बारीक अक्षर म्हणजे कुणीच ताणले नाही आणि प्रोग्रॅमनेही मोठे काढले नाही.

कोणता प्रोग्रॅम कुठल्या जातीचा, हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. विंडोज १० च्या अलीकडच्या आवृत्त्यांत आणि विंडोज ११ मध्ये टास्क मॅनेजर उघडा, `Details` या भागात जा, वरच्या रकान्यांच्या नावांवर राइट-क्लिक करून `Select columns` निवडा आणि `DPI Awareness` हा रकाना जोडा. प्रत्येक प्रोग्रॅमसमोर `Unaware`, `System` किंवा `Per-Monitor` असा शेरा दिसेल. तुमच्या एडिटरसमोर `Unaware` असेल तर अंधूकपणाचा गुन्हेगार सापडला. त्याचा फॉन्ट कितीही बदलला तरी काही साधणार नाही, कारण फॉन्ट मोठा झाला तरी चित्र ताणलेलेच राहणार.

तिथे उपाय निराळा. त्या प्रोग्रॅमच्या फाइलवर राइट-क्लिक करून `Properties`, मग `Compatibility`, मग `Change high DPI settings`. तिथे `Override high DPI scaling behavior` समोर खूण केली की खालच्या यादीतून तीन पर्याय निवडता येतात. `Application` निवडले तर विंडोज ताणणे सोडून देते. अंधूक प्रोग्रॅम लख्ख होतो, पण त्याच क्षणी बारीकही होतो. हा प्रयोग एकदा मुद्दाम करून पाहावा. दोन बिघाड एकमेकांच्या उलट आहेत म्हणजे काय, ते त्यात समोरच दिसते. `System` म्हणजे विंडोजने ताणलेले, मोठे पण पुसट चित्र. `System (Enhanced)` हा मधला मार्ग आहे : चित्र आंधळेपणाने न ताणता, शक्य असेल तिथे विंडोज अक्षरे नव्याने मोठी काढते. विंडोजच्या जुन्या चित्रण पद्धतीवर बांधलेल्या प्रोग्रॅममध्ये त्याने चांगला फरक पडतो, पण सगळ्याच प्रोग्रॅमना तो लागू पडत नाही.

बरेच लोक या सगळ्याला कंटाळून स्क्रीनचे रिझोल्यूशनच कमी करून टाकतात. २८८० बाय १८०० ऐवजी १९२० बाय १२०० ठेवतात. सगळे एकदम मोठे दिसते, म्हणून काम झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात आता फक्त एक प्रोग्रॅम नव्हे, सबंध स्क्रीनच ताणली गेली. चांगले वागणारे प्रोग्रॅमही वाईट वागणाऱ्यांच्या पंगतीला बसवले. रिझोल्यूशन नेहमी स्क्रीनच्या मूळ आकड्यावरच हवे. आकार बदलायचा तो `Scale` मधून.

तीन गुणक, तीन कामे

आता एडिटर चांगल्या जातीचा आहे असे धरू. व्हीएस कोड, अँड्रॉइड स्टुडिओ, इंटेलिजे, पायचार्म ही आजची नेहमीची नावे. सिस्टीमचा गुणक ती मानतात. तरीही कुणाला अक्षर आणखी मोठे हवे असते. चाळिशी लागलेल्याला, दिवसभर कोड वाचणाऱ्याला, वर्गात प्रोजेक्टरवर दाखवणाऱ्या सरांना. इथे गोंधळ होतो तो दोन गुणकांमध्ये.

पहिला, संपूर्ण खिडकीचा : मेनू, फायलींची यादी, टॅब, खालची पट्टी आणि कोड, सगळे एकाच प्रमाणात मोठे. व्हीएस कोडमध्ये याचे नाव `window.zoomLevel`. `Ctrl` आणि `+` दाबल्यावर हाच बदलतो. हा आकडा एकाने वाढवला की सगळे २० टक्क्यांनी वाढते. दोनने वाढवला तर २० वर पुन्हा २०, म्हणजे ४४ टक्के. अपूर्णांकही चालतो. जेटब्रेन्सच्या आयडीईंमध्ये, म्हणजे इंटेलिजे, पायचार्म वगैरेंमध्ये, `Appearance & Behavior` खालच्या `Appearance` या पानावर `Zoom` नावाने हीच सोय आहे.

दुसरा, फक्त कोडचा. व्हीएस कोडमध्ये `editor.fontSize`. विंडोजवर तो मुळात १४ असतो, मॅकवर १२. जेटब्रेन्सकडे `Editor` खाली `Font` या पानावर. याने फक्त कोडची अक्षरे बदलतात. मेनू, यादी, पट्टी होत्या तशाच राहतात. खालच्या टर्मिनलचा आकारही याने बदलत नाही. त्याला व्हीएस कोडमध्ये `terminal.integrated.fontSize` हा स्वतंत्र आकडा आहे. ‘फॉन्ट वाढवला तरी टर्मिनल बारीकच’ ही तक्रार यातूनच येते.

हे दोन्ही गुणक सिस्टीमच्या गुणकावर चढतात. सिस्टीम २०० टक्के आणि झूम १.४४ असेल तर एकूण गुणाकार २.८८ पट झाला. चांगली गोष्ट अशी की या एडिटरांमध्ये झूम म्हणजे चित्र ताणणे नसते. प्रत्येक अक्षर त्या आकाराला नव्याने रेखाटले जाते, त्यामुळे झूमने कोड अंधूक होत नाही. झूम केल्यावर अंधूक दिसू लागले, तर कारण झूममध्ये शोधू नका. तो प्रोग्रॅम आधीच कुठेतरी ताणला जात आहे.

मग दोन्हींत फरक काय पडतो? जागेचा. आपल्या १४ इंची लॅपटॉपवर, २०० टक्क्यांवर, व्हीएस कोडला वापरायला १४४० बाय ९०० एवढे मैदान मिळते. समजा कोड १४ ऐवजी २० च्या आकारात हवा आहे.

पहिली वाट झूमची. `zoomLevel` दोन केला की कोडचे अक्षर २० चे होते. पण सगळेच १.४४ पट झाल्याने मैदान १००० बाय ६२५ उरते. त्यातून डावीकडची चिन्हांची पट्टी, फायलींची यादी, ओळींचे क्रमांक, उजवीकडचा कोडचा लघुनकाशा वजा केला तर विंडोजच्या कन्सोलस फॉन्टमध्ये एका ओळीत साधारण ७० ते ७५ अक्षरे मावतात.

दुसरी वाट फॉन्टची. झूम शून्य, `editor.fontSize` २०. कोडचे अक्षर तेवढेच, पण यादी आणि पट्ट्या मूळ आकारातच राहिल्याने ओळीत साधारण ८५ अक्षरे मावतात.

हा फरक किरकोळ वाटतो, पण पायथन लिहिणाऱ्यांना तो लगेच जाणवेल. पायथनचा लेखनसंकेत, पेप ८, ओळ ७९ अक्षरांच्या आत ठेवायला सांगतो. दुसऱ्या वाटेने गेल्यास अशी पूर्ण ओळ नजरेत येते. पहिल्या वाटेने गेल्यास ती उजवीकडे कापली जाते, किंवा मोडून खाली येते आणि पायथनमध्ये ज्या डावीकडच्या मोकळ्या जागेवर सगळा अर्थ टांगलेला असतो तीच वाचायला कठीण होते. अनेकजण ओळ कापली जाते म्हणून फायलींची यादी बंद करतात, मग फाइल सापडत नाही म्हणून पुन्हा उघडतात. मूळ गैरसोय झूमची निवड चुकल्याची असते.

उलट बाजूही आहे. फक्त फॉन्ट वाढवला तर कोड उत्तम दिसतो, पण फाइलचे नाव, चुकांची यादी, शोधाचा रकाना हे १३ च्या आसपासच्या आकारात राहतात. ज्याला तेही वाचायला त्रास होतो त्याने झूम थोडा वाढवलाच पाहिजे. दोन्हींचा मेळ घालणे सगळ्यांत बरे : झूम थोडासा, बाकीची वाढ फॉन्टमधून. व्हीएस कोडच्या `settings.json` मध्ये ते असे दिसेल.

```json
{
  "window.zoomLevel": 0.5,
  "editor.fontSize": 18,
  "terminal.integrated.fontSize": 16
}
```

झूम ०.५ म्हणजे साडेनऊ टक्क्यांची वाढ. त्यामुळे यादी आणि मेनू सुसह्य होतात, आणि १८ चा कोड प्रत्यक्षात २० च्या जवळ पोचतो. प्रोजेक्टरवर शिकवणाऱ्यांनी मात्र बिनधास्त झूम वापरावा. शेवटच्या बाकावरच्या मुलाला नुसता कोड दिसून भागत नाही. सर कोणत्या मेनूत गेले तेही दिसावे लागते.

एक्लिप्स वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तिथे `Ctrl` आणि `+` ने फक्त कोडचे अक्षर वाढते. चित्रे आणि बाकीची खिडकी लहानच राहत असेल तर `eclipse.ini` या फायलीत `-vmargs` या ओळीच्या खाली पुढची ओळ लिहून एक्लिप्स पुन्हा सुरू करावे. वर लिहिली तर तिचा काही उपयोग होत नाही.

```
-Dswt.autoScale=200
```

दोन स्क्रीन जोडल्या की

घरी लॅपटॉप, ऑफिसात त्यालाच जोडलेला मोठा मॉनिटर, ही आज पुण्या-मुंबईच्या आयटी कर्मचाऱ्यांची नित्याची मांडणी आहे. लॅपटॉपचा गुणक २००, मॉनिटरचा १००. सकाळी लॅपटॉप एकटा सुरू केला, ऑफिसात पोचून वायर लावली, एडिटरची खिडकी मॉनिटरवर ओढली आणि अक्षरे बिघडली. हा तिसऱ्या प्रकारचा प्रोग्रॅम, ज्याच्यासमोर टास्क मॅनेजर `System` असा शेरा देतो. तो घनता ओळखतो, पण एकच : विंडोजमध्ये साइन-इन केले त्या वेळी मुख्य स्क्रीनची जी होती ती. दुसऱ्या घनतेच्या स्क्रीनवर नेल्यावर विंडोजला त्याचे चित्र आक्रसावे किंवा ताणावे लागते.

म्हणून अशा वेळी साधा उपाय चालतो : मॉनिटर जोडल्यावर एकदा साइन-आउट करून पुन्हा साइन-इन करा, आणि ज्या स्क्रीनवर एडिटर ठेवायचा तीच मुख्य स्क्रीन म्हणून निवडा. `Per-Monitor` शेरा असलेल्या प्रोग्रॅमना याची गरज पडत नाही. विंडोजने ही सोय ८.१ पासून दिली आणि २०१७ च्या विंडोज १० मध्ये ती पक्की केली. पण प्रत्येक प्रोग्रॅमच्या कर्त्याला ती स्वतः स्वीकारावी लागते. मायक्रोसॉफ्टच्याच व्हिज्युअल स्टुडिओला ती २०१९ च्या आवृत्तीत मिळाली. त्यातला विंडोज फॉर्म्स रचण्याचा भाग तर मोठ्या गुणकावर पिवळी पट्टी दाखवून, व्हिज्युअल स्टुडिओ १०० टक्क्यांवर पुन्हा सुरू करू का, असे विचारतो. तिथे हो म्हटले की अक्षरे अंधूक होणारच. फॉर्मवरची बटणे जागेवर राहावीत म्हणून केलेली ती जाणूनबुजून तडजोड आहे.

लिनक्सवर हाच खेळ वेगळ्या नावांनी चालतो. नवी वेलँड पद्धत गुणक नीट सांभाळते. पण जुन्या एक्स पद्धतीवर चालणाऱ्या प्रोग्रॅमना मध्ये एक्सवेलँड हा दुभाषा लागतो, आणि १२५ किंवा १५० टक्क्यांवर त्यांची खिडकी अनेकदा ताणूनच दाखवली जाते. ओळखायची युक्ती गमतीची आहे. `xeyes` नावाचा जुना प्रोग्रॅम चालवा. त्यातले डोळे माउसच्या बाणाकडे पाहतात. बाण एडिटरच्या खिडकीवर फिरवताना डोळे हलले तर एडिटर जुन्या पद्धतीवर चालतो आहे. स्थिर राहिले तर तो थेट वेलँडवर आहे. व्हीएस कोडच्या जुन्या आवृत्तीला वेलँडवर आणायला एवढे पुरते :

```
code --ozone-platform=wayland
```

टीव्हीचा मॉनिटर करणाऱ्यांसाठी आणखी एक इशारा. सगळे गुणक बरोबर असूनही काळ्या पार्श्वभूमीवरची लाल आणि निळी अक्षरेच तेवढी मळकट दिसत असतील आणि पांढरी स्वच्छ असतील, तर दोष एडिटरचा नाही. टीव्ही किंवा वायर रंगाची माहिती अर्धी-पाव करून पाठवते आहे. सिनेमात ते कळत नाही. रंगीत कोडमध्ये लगेच कळते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय जोडणीसाठी ‘पीसी’ असा प्रकार असेल तर तो निवडावा.

जिथे उपाय संपतात

काही ठिकाणी यातला एकही उपाय लागू पडत नाही. आपल्याकडच्या कॉलेजांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला निळ्या पडद्याचा टर्बो सी++ हे त्याचे ठळक उदाहरण. तो आजच्या विंडोजवर डॉसबॉक्समधून चालवावा लागतो आणि त्याचे सगळे चित्र ६४० बाय ४०० पिक्सेलचे असते. त्यातली अक्षरे ठरावीक ठिपक्यांची आहेत. मोठ्या आकारात नव्याने रेखाटायला त्यामागे कोणताही फॉन्ट नाही. चित्र ताणणे हाच एक मार्ग. निदान ते पूर्ण पटीत आणि कडा न पुसता ताणावे, एवढेच करता येते. डॉसबॉक्सच्या सेटिंग फायलीत `[sdl]` या भागातल्या या दोन ओळी अशा बदलाव्यात :

```
output=openglnb
windowresolution=1280x800
```

अक्षरे चौकोनी, दातेरी दिसतील, पण स्वच्छ दिसतील. `openglnb` मधले शेवटचे `nb` हे कडा मऊ करू नका, असे सांगण्यासाठी आहे.

मराठी मजकूर असलेले अ‍ॅप किंवा वेबसाइट बनवणाऱ्यांना एक जास्तीची अडचण असते. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार येतात आणि खाली उकार, रकार-जोडाक्षरांचे तुकडे. या सगळ्याला एकाच चौकटीत जागा द्यायची म्हणून मूळ अक्षर इंग्रजी अक्षराच्या मानाने लहान काढले जाते. त्यातून १४ आकाराचा इंग्रजी कोड ज्याला सहज वाचता येतो, त्यालाही त्याच ओळीतला ‘किंमत’ मधला अनुस्वार आहे की नाही हे कळत नाही. ‘मेन’ आणि ‘मेनू’ यांतला फरक ग्राहकाच्या फोनवर दिसल्यावर समजतो. अशा फायलींवर काम करताना कोडचा फॉन्ट दोन-तीनने वाढवावा आणि ओळींमधले अंतरही वाढवावे. व्हीएस कोडमध्ये त्यासाठी `editor.lineHeight` आहे. यासाठी खिडकीचा झूम वापरू नये. अडचण कोडमधल्या अक्षरांची असते, मेनूची नव्हे.

शेवटी क्रम महत्त्वाचा. आधी रिझोल्यूशन मूळ आकड्यावर आणा आणि सिस्टीमचा `Scale` विंडोज सुचवते तेवढा ठेवा. मग टास्क मॅनेजरमध्ये एडिटरची जात तपासा. अंधूकपणा तिथेच निकालात काढा. त्यानंतर मेनू आणि यादी सहज वाचता येईपर्यंतच खिडकीचा झूम वाढवा. उरलेली सगळी वाढ कोडच्या फॉन्टमधून करा. उलट क्रमाने गेलात, म्हणजे आधी फॉन्ट, मग झूम, मग स्केल, तर प्रत्येक पायरी आधीची पायरी बिघडवत जाते. आणि हे सगळे नीट करूनही अक्षर फक्त तुम्हालाच पुसट दिसत असेल, शेजारी बसलेल्याला नाही, तर सेटिंग सोडा आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्या.